ब्रेकआउट रूम करताना आधी यादी, मग बटण



ऑनलाईन सभा आता आपल्याला नवीन राहिलेली नाही. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळे झूम आणि गुगल मीट शिकलो. शाळा उघडल्या, पण ऑनलाईन सभा काही गेली नाही. आपल्या मावळातच बघा ना. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ इकडच्या शाळा एकमेकींपासून लांब, त्यात जुलै-ऑगस्टचा पाऊस. अशा दिवसांत एखादी शिक्षण परिषद किंवा पालक सभा ऑनलाईन घेणं सोयीचंच पडतं.

अडचण सुरू होते ती लोक चाळीसच्या पुढे गेले की. दोघं-तिघं बोलतात, बाकीचे कॅमेरा बंद करून बसतात. मग कोणीतरी म्हणतं, "सर, गट पाडा ना." होस्ट Breakout Rooms उघडतो, खोल्यांचा आकडा टाकतो, Assign automatically निवडतो आणि सगळे कुठे ना कुठे जाऊन पडतात. वीस मिनिटांनी परत आल्यावर चार गट छान सादर करतात, दोन गट "आमची चर्चा चालू होती" म्हणतात आणि दोन गटांना बोलायलाच कोणी नसतं.

त्या गटांतले शिक्षक आळशी होते असं आपण धरून चालतो. माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा त्या खोलीत काम पूर्ण करायला लागणारा माणूसच नसतो. यंत्र डोकी मोजतं, कोणाला काय येतं ते त्याला कळत नाही. म्हणून मोठ्या सभेचे गट सभेच्या आदल्या दिवशी कागदावर पाडावेत, आणि सगळ्या खोल्या सारख्या आकाराच्या असाव्यात हा आग्रह सोडून द्यावा, असं मला वाटतं. का ते एका उदाहरणाने सांगते.

उदाहरण : 46 जणांची शिक्षण परिषद

समजा, एका केंद्रातले 46 जण जोडले जाणार आहेत. एक केंद्रप्रमुख आणि बाकी शिक्षक. विषय आहे पायाभूत साक्षरता. निपुण भारत अभियान 2021 मध्ये सुरू झाल्यापासून हा विषय आपल्या सगळ्यांच्या रोजच्या कामाचा आहे. खोल्यांमध्ये दोन कामं करायची आहेत. पहिलं, अक्षरं ओळखतात पण शब्द वाचत नाहीत अशा मुलांसाठी वर्गात चाललेल्या कृती गोळा करायच्या. दुसरं, अशा मुलांना पुढे वाचायला देता येईल असा आठ ओळींचा सोपा उतारा लिहायचा. खोलीतला वेळ वीस मिनिटं.

आता विचार करू, एका खोलीत हे काम व्हायला कोण कोण लागेल? माझ्या मते तिघं तरी लागतातच.

एक, स्क्रीन शेअर करून मराठीत भराभर टाईप करणारा तंत्रस्नेही शिक्षक. याला "त" म्हणू.
दोन, चर्चा चालवणारा, म्हणजे घड्याळ बघणारा आणि गप्प बसलेल्याला "मॅडम, तुम्ही सांगा" म्हणणारा. याला "च" म्हणू.
तीन, पहिली-दुसरीला वाचन शिकवण्याचा ताजा अनुभव असलेला. याला "व" म्हणू.

आदल्या दिवशी गुगल फॉर्मवर तीनच प्रश्न विचारायचे आणि उत्तर हो किंवा नाही. मराठीत टाईप करून स्क्रीन शेअर करता येते का? गटाची चर्चा चालवायला आवडेल का? गेल्या तीन वर्षांत पहिली किंवा दुसरी शिकवली आहे का? "तुम्ही तंत्रज्ञानात किती निपुण आहात, एक ते पाच" असा प्रश्न विचारू नका. नम्र माणूस दोन लिहितो, उत्साही माणूस पाच लिहितो आणि आपल्याला काहीच कळत नाही. प्रत्यक्ष कृती विचारली की उत्तर खरं येतं.

समजा उत्तरं अशी आली : त 9, च 10 आणि व 15. यातल्या काहींची दोन ठिकाणी "हो" आहेत. दोघं त आणि च दोन्ही आहेत, तिघं च आणि व दोन्ही आहेत.

स्वयंचलित वाटणीत काय होतं

नऊ "त" पैकी एकाला मुख्य सभेतच ठेवायचं. ज्याचा आवाज जात नाही, जो नेट जाऊन परत आला, त्याला मदत करायला तो लागतो. त्याच्यासोबत केंद्रप्रमुख. म्हणजे खोल्यांत जाणारे उरले 44 आणि त्यांच्यात "त" आठ. आठ खोल्या केल्या आणि Assign automatically दाबलं, तर चार खोल्यांत पाच-पाच आणि चार खोल्यांत सहा-सहा माणसं जातील.

पाच जणांच्या एका खोलीत एकही "त" नसण्याची शक्यता किती? बरणीत 44 चिठ्ठ्या आहेत, त्यातल्या 36 पांढऱ्या आणि 8 लाल. पाच चिठ्ठ्या काढल्या आणि पाचही पांढऱ्या निघाल्या, असा हा प्रश्न. गणित असं :

```
36/44 × 35/43 × 34/42 × 33/41 × 32/40 = 0.35 (सुमारे)
```

म्हणजे शंभरात पस्तीस. सहा जणांच्या खोलीत हीच शक्यता शंभरात अठ्ठावीसच्या आसपास येते. आठही खोल्यांचा हिशेब केला तर सरासरी अडीच खोल्यांत एकही टाईप करणारा नसतो. आणि आठ "त" बरोबर आठ खोल्यांत एकेक जाण्याचा योग? सव्वादोनशे वेळा बटण दाबलं तर साधारण एकदा. हे फक्त एका कौशल्याचं झालं. "च" आणि "व" ची भर घातली की अपुऱ्या खोल्या आणखी वाढतात. तेव्हा जे दोन-तीन गट दरवेळी रिकाम्या हाताने परत येतात, ते काही योगायोगाने नाही.

खोल्या किती, हे दुर्मिळ कौशल्य ठरवतं

आपण खोल्यांचा आकडा डोक्यात धरतो : "दहा गट करू, सोपं पडतं." माझा आग्रह उलटा आहे. जे कौशल्य सगळ्यात कमी लोकांकडे आहे ते मोजा. तेवढ्याच खोल्या करा, जास्त नकोत. इथे "त" आठ आहेत म्हणून खोल्या आठ. नववी खोली केली की ती अपुरी राहणार हे आधीच ठरलं.

दुसरा नियम, एका माणसाकडे एकच काम. ज्या दोघांना टायपिंगही येतं आणि चर्चाही चालवता येते, त्यांना दोन्हीकडे मोजू नका. तोच टाईप करतो, तोच बोलतो, तोच वेळ बघतो आणि बाकीचे प्रेक्षक होतात. दोन कौशल्यं असतील तर जे अधिक दुर्मिळ आहे त्या यादीत नाव घाला. त्या दोघांना "त" धरा, आणि च-व असलेल्या तिघांना "च" धरा. आता याद्या स्वच्छ झाल्या :

त 8, च 8, व 12 आणि बाकीचे 16. एकूण 44.

या सोळा जणांना कमी समजू नका. त्यांत तिसरी ते पाचवीचे शिक्षक आहेत, नवे शिक्षणसेवक आहेत, निवृत्तीला आलेले मुख्याध्यापक आहेत. वाचनात मागे राहिलेलं मूल चौथीत गेल्यावर काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

खोल्या सारख्या का नकोत

44 भागिले 8 म्हणजे साडेपाच. आपला हात लगेच पाच-सहाच्या वाटणीकडे जातो. पण दोन कामं वेगळी आहेत ना!

कृती गोळा करण्याचं काम जितकी माणसं जास्त तितकं चांगलं होतं, फक्त प्रत्येकाला बोलायला वेळ मिळाला पाहिजे. सात माणसं, प्रत्येकी दोन मिनिटं, झाली चौदा. उरलेल्या सहा मिनिटांत त्यातल्या तीन-चार कृती निवडून लिहायच्या. वीस मिनिटांत सात जण नेमके बसतात. आठवा आला की लिहायला वेळ उरत नाही.

उतारा लिहायचं काम याच्या उलट आहे. सात जणांनी मिळून आठ ओळी लिहायच्या म्हटल्या की "आंबा" घ्यायचा की "आई" यावरच दहा मिनिटं जातात. जोडाक्षर येऊ द्यायचं नाही, वाक्य लहान हवं, मुलांच्या ओळखीचं हवं. एवढं सांभाळायला चार जण पुरतात. एक लिहितो, एक वेळ बघतो, एक पहिलीतल्या मुलाच्या नजरेने वाचतो आणि चौथा विचारतो, "हे वाक्य आपल्या गावातली मुलं बोलतात का?"

म्हणून चार खोल्या चार-चार जणांच्या आणि चार खोल्या सात-सात जणांच्या. 16 अधिक 28, झाले 44.

आता कौशल्यं वाटू. लहान खोलीत त 1, च 1, व 1 आणि बाकीच्यांतला 1. मोठ्या खोलीत त 1, च 1, व 2 आणि बाकीचे 3. पडताळून बघा : व झाले 4 अधिक 8, म्हणजे 12. बाकीचे 4 अधिक 12, म्हणजे 16. सगळं जुळलं.

मोठ्या खोलीत "व" दुप्पट दिले, पण "त" आणि "च" एकेकच ठेवले. ते का? टाईप करायला खोली कितीही मोठी असली तरी एकच माणूस लागतो. चर्चा चालवायलाही एकच हवा, दोन झाले की ओढाताण. पण वाचनाचा अनुभव ही सांगायची गोष्ट आहे. जिथे अनुभव गोळा करायचे तिथे तो जास्त हवा. समतोल म्हणजे सगळीकडे सारखं प्रमाण, असं मी मानत नाही. त्या खोलीच्या कामाला जे लागतं ते तिथे असलं की समतोल साधला.

उरलेल्यांची वाटणी : नागमोडी पद्धत

मोठ्या चार खोल्यांत बाकीचे बारा जण जायचे आहेत. त्यांत कोणी पंचवीस वर्षं नोकरी झालेले, कोणी काल रुजू झालेले. सेवाकालाप्रमाणे 1 ते 12 क्रम लावा. सरळ वाटलं तर पहिल्या खोलीत 1, 5, 9 क्रमांकाचे जातात आणि चौथ्या खोलीत 4, 8, 12. क्रमांकांची बेरीज एकीकडे 15 आणि दुसरीकडे 24. म्हणजे प्रत्येक फेरीत पहिल्या खोलीला ज्येष्ठ आणि चौथीला कनिष्ठ.

मैदानावर मुलांचे संघ पाडताना आपण जे करतो तेच इथे करायचं. फेरी संपली की उलट फिरायचं :

```
फेरी 1 :  खोली 1→4   क्रमांक 1, 2, 3, 4
फेरी 2 :  खोली 4→1   क्रमांक 5, 6, 7, 8
फेरी 3 :  खोली 1→4   क्रमांक 9, 10, 11, 12
```

आता पहिल्या खोलीत 1, 8, 9 म्हणजे बेरीज 18, आणि चौथ्या खोलीत 4, 5, 12 म्हणजे 21. नऊचा फरक तीनवर आला. शेवटी एकदा नजर फिरवा. एकाच शाळेतले दोघं एका खोलीत आले असतील, तर त्यातल्या एकाची शेजारच्या खोलीतल्या तेवढ्याच सेवाकालाच्या माणसाशी अदलाबदल करा. द्विशिक्षकी शाळेतले दोघं रोज एकमेकांशी बोलतातच, इथे तरी दुसऱ्यांचं ऐकू दे. मात्र एकाच लॅपटॉपसमोर बसणारे दोघं असतील तर त्यांना वेगळं करता येणार नाही. झूम माणसं मोजत नाही, उपकरणं मोजतं. हा प्रश्नही फॉर्ममध्येच विचारून घ्या.

सभेच्या दिवशी

यादी तयार झाली, पण लोकांना खोलीत पोहोचवायचं कसं? ईमेल टाकून आधीच खोल्या नेमायची सोय झूममध्ये आहे. पण आपल्याकडे बहुतेक जण व्हॉट्सअॅपवरच्या लिंकला बोट लावून, झूमच्या खात्यात न शिरता येतात. त्यांच्याबाबत तो मार्ग भरवशाचा नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे सकाळी ग्रुपवर यादी टाका आणि प्रत्येकाला झूममधल्या नावाआधी खोलीचा आकडा लावायला सांगा : "3 अमुक अमुक, शाळेचं नाव". मग होस्टने Assign manually घेऊन आकडा बघायचा आणि खोलीत टाकायचं. किंवा Let participants choose room ठेवलं तर लोक आपापल्या खोलीत स्वतःच जातात आणि राहिलेल्यांना होस्ट हलवतो. होस्टने मोबाईलवर नाही, संगणकावर बसावं. आणि झूमच्या सेटिंगमध्ये Breakout room चालू आहे ना, हे आदल्या रात्रीच पाहावं.

नावापुढे फक्त आकडा लावा. त, च, व ही अक्षरं लावू नका आणि ग्रुपवरच्या यादीतही देऊ नका. ज्याच्या नावापुढे एकही अक्षर नाही त्याला "मला काहीच येत नाही का?" असं वाटणारच. ज्यांना टाईप करायचं आणि चर्चा चालवायची आहे त्यांना आदल्या दिवशी वैयक्तिक निरोप द्यावा.

विनाशुल्क खात्यावर सभा चाळीस मिनिटांत तुटते. त्यामुळे सुरुवात सहा मिनिटं, खोल्यांत जायला दोन, काम वीस, परत यायला दोन आणि आठ गटांना एकेक मिनिट. झाली अडतीस.

आता एक हमखास होणारी गोष्ट : सगळे येत नाहीत. समजा पाच जण आले नाहीत. एक "त", एक "व" आणि बाकीच्यांतले तीन. उरले 39 आणि "त" सात. मग खोल्याही सातच. अशा वेळी मी लहान खोली बंद करेन, मोठी नाही. गैरहजर "त" मोठ्या खोलीतला असला तर लहान खोलीतला "त" तिकडे द्यायचा. उरलेल्या तीन लहान खोल्या पूर्ण भरायच्या, म्हणजे 12. बाकीचे 27 जण चार मोठ्या खोल्यांत 7, 7, 7 आणि 6. उतारे चाराऐवजी तीन मिळतील, पण एकही खोली पांगळी राहणार नाही. हा बदल सभेत घाईत करण्यापेक्षा "कोण नाही आलं तर कोणती खोली बंद" हे यादीखाली आधीच लिहून ठेवावं.

चाललंय का, हे कसं कळणार?

होस्टला एका वेळी एकाच खोलीत डोकावता येतं. म्हणून गुगल स्लाईडची एकच फाईल सगळ्यांना द्या, आठ पानांची. खोली 3 ने पान 3 वर लिहायचं. मुख्य सभेत बसून डावीकडच्या पट्टीत आठही पानं एकदम दिसतात. पाच मिनिटांत प्रत्येक पानावर निदान एक ओळ यायला हवी. जे पान कोरं आहे त्या खोलीत आधी जा. तिथला "त" बाहेर फेकला गेलेला असतो किंवा त्याला फाईल उघडत नसते. दहाव्या मिनिटालाही पान एकाच व्यक्तीच्या अनुभवाने भरत असेल, तर त्या खोलीतल्या "च" ला आठवण करायची वेळ झाली.

असे गट कुठे करू नयेत

मिश्र कौशल्यांचा गट सगळीकडे योग्य, असं मी म्हणणार नाही. मिळून काहीतरी तयार करायचं असेल तेव्हा तो चांगला. पण उद्या सभा "मराठी टायपिंग शिका" यासाठी असेल, तर प्रत्येक खोलीत एक जाणकार टाकला की तोच करून दाखवतो आणि बाकीचे "जमतंय, जमतंय" म्हणतात. तिथे सारख्या पातळीचे लोक एकत्र हवेत. हे आपल्याला वर्गातून माहीत आहे. प्रथम संस्थेच्या वाचन उपक्रमात मुलांना इयत्तेप्रमाणे नाही, तर अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळीप्रमाणे बसवतात, कारण तिथे प्रत्येक मुलाला स्वतः शिकायचं असतं. तेव्हा आधी स्वतःला विचारा : आज लोकांनी शिकायचं आहे की मिळून काही करायचं आहे?

पालकांनो, हीच गोष्ट ऑनलाईन पालक सभेलाही लागू आहे. आपल्या भागात तळेगाव परिसरातल्या कारखान्यांत कामाला आलेली कितीतरी कुटुंबं आहेत आणि काहींच्या घरात मराठी बोलली जात नाही. तिथे सगळ्यात दुर्मिळ कौशल्य टायपिंग नाही, तर मराठी आणि हिंदी दोन्ही सहज बोलणं हे असू शकतं. असे सहाच पालक असतील तर खोल्या सहाच करा, भले एकेका खोलीत आठ जण बसोत. नाहीतर ज्या आईला आपल्या मुलाच्या वाचनाबद्दल विचारायचं आहे, ती वीस मिनिटं न कळणाऱ्या भाषेत बसून राहील आणि पुढच्या सभेला येणार नाही.

यादी करायला पहिल्यांदा तासभर जातो. दुसऱ्यांदा तोच फॉर्म वापरता येतो, फक्त नवे आलेले आणि बदली झालेले तेवढे बघायचे. सेहेचाळीस जणांची चाळीस मिनिटं हातात असताना आपण एक तास द्यायला हरकत नसावी. आधी यादी, मग बटण.